मेसेज जातो, तरी पेशंट चुकीच्या दिवशी येतो: आठवणीच्या मेसेजची दुरुस्ती

घाटंजीच्या ज्या दातांच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळते, तिथे दिवसाला आठ-दहा पेशंट तारीख घेऊन येतात. बरेचसे आजूबाजूच्या खेड्यांतले, एसटीने नाहीतर कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून येणारे. रूट कॅनॉलला दोन-तीन खेपा लागतात. मधल्या काळात दातात तात्पुरतं सिमेंट भरलेलं असतं, म्हणून पुढची तारीख चुकून चालत नाही. त्यासाठी मी आदल्या दिवशी दवाखान्याच्या मोबाइलवरून आठवणीचा मेसेज पाठवायची. आणि तरी दर आठवड्याला कोणीतरी चुकीच्या दिवशी यायचं, कोणी चुकीच्या वेळी, कोणी येतच नसे. उत्तर तर शंभरात दोघांचं यायचं नाही.

मी बराच काळ दोष पेशंटला देत होते. मग एका जूनमध्ये एक मावशी गुरुवारी सकाळी साडेआठला येऊन दवाखान्याच्या बंद शटरसमोर बसल्या. त्यांची तारीख बुधवारची होती. गुरुवारी आमचे डॉक्टर दुसऱ्या गावी बसतात. पेरणीचे दिवस, घरचं काम टाकून त्या पहिल्या एसटीने आल्या होत्या. मी चिडूनच विचारलं, मेसेज पाहिला नाही का? त्यांनी पिशवीतून कीपॅडचा फोन काढून माझ्या हातात दिला. "पाह्य ना बाई तूच. उद्या सकाळी म्हनते, मी आली."

मेसेज मी पाहिला. तो असा होता:

```
नमस्कार, आमच्या दवाखान्यातर्फे आपणास कळविण्यात येते की उद्या सकाळी
```

बस, एवढाच. पुढचं सगळं गायब. आणि तो फोनवर आला होता बुधवारी सकाळी सात वाजता. मंगळवारी संध्याकाळी मी पाठवला तेव्हा घरात चार्जिंग नव्हतं म्हणून फोन बंद होता. बुधवारी फोन चालू झाला, मेसेज आला, आणि मावशींनी "उद्या" म्हणजे गुरुवार असा अगदी बरोबर अर्थ लावला. चूक त्यांची कुठेच नव्हती. माझ्या मेसेजमध्ये दोन खोट्या जागा होत्या आणि दोन्ही एकाच दिवशी उघड्या पडल्या.

अर्धा मेसेज का येतो

मी पाठवलेला पूर्ण मेसेज असा होता:

```
नमस्कार, आमच्या दवाखान्यातर्फे आपणास कळविण्यात येते की उद्या सकाळी 11 वाजता आपली अपॉइंटमेंट आहे. कृपया वेळेवर उपस्थित राहावे. येणार नसल्यास कळवावे. धन्यवाद.
```

साध्या मेसेजला, म्हणजे एसएमएसला, १४० बाइटची जागा असते. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत बसतात, म्हणून त्यात १६० मावतात. मराठीच्या प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात, म्हणून मराठीत फक्त ७०. मी त्याला ७० घरं म्हणते, कारण मोजणी आपल्या अक्षरांची होत नाही, खुणांची होते. काना एक घर, वेलांटी एक घर, अनुस्वार एक घर, जोडाक्षरातला पाय मोडणारा हलंतही एक घर. रिकामी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम यांनाही एकेक घर लागतं. "बसस्टँडमागे" हा शब्द दिसायला सहा अक्षरांचा आहे. मोजला तर ब, स, स, हलंत, ट, चंद्रबिंदू, ड, म, काना, ग, मात्रा अशी अकरा घरं होतात.

मेसेज सत्तरच्या वर गेला की फोन त्याचे तुकडे करतो. मग प्रत्येक तुकड्यात "हा कितवा भाग" हे सांगणारी सहा बाइटची चिठ्ठी जाते, आणि त्यामुळे दर तुकड्यात ६७ घरंच उरतात. माझा मेसेज १५६ घरांचा होता, म्हणजे तीन तुकडे. पहिला तुकडा बरोब्बर "सकाळी" नंतरच्या रिकाम्या जागेपाशी संपत होता. अकरा हा आकडा दुसऱ्या तुकड्यात होता आणि कळवण्याची विनंती दुसऱ्यातून तिसऱ्यात सांडली होती.

चांगल्या स्मार्टफोनमध्ये सगळे तुकडे आले की ते जोडून एकच मेसेज दिसतो. एखादा तुकडा अडकला तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि "मॅडम, मेसेजच नाई आला" असं ऐकायला मिळतं. जुन्या कीपॅडच्या फोनमध्ये मात्र आलेला तुकडा तसाच सुटा दिसू शकतो, किंवा इनबॉक्स भरलेला असेल तर पुढच्या तुकड्याला जागाच मिळत नाही. मावशींच्या फोनमध्ये हेच झालं होतं. कंपन्यांचे जुने मेसेज कोणी पुसलेच नव्हते.

तुमच्या मेसेजचं काय होतंय हे ओळखायचं असेल तर पुढच्या वेळी पेशंट आला की त्याच्या फोनमध्ये मेसेज उघडून पाहा. आपल्या फोनमध्ये पाठवलेला मेसेज अखंडच दिसतो, त्यावरून काही कळत नाही. लिहिताना बऱ्याच फोनमध्ये पाठवायच्या बटणाजवळ किती घरं उरली आणि कितवा भाग सुरू आहे ते बारीक आकड्यांत दिसतं. तेही नसेल तर कॉम्प्युटरवर एक्सेलच्या पहिल्या रकान्यात मेसेज चिकटवा आणि शेजारच्या रकान्यात हे लिहा:

```
=LEN(A1)
```

येणारा आकडा म्हणजे घरं. मी तेव्हापासून नवा नमुना असाच मोजून घेते.

आधी मी उलट टोकाला गेले

सत्तर घरं कळल्यावर माझा पहिला विचार हा, की सगळं सत्तरात कोंबायचं. दोन संध्याकाळी खटपट करून हा मेसेज बसवला:

```
कमलाबाई, बुध १२ जून सकाळी ११. दातांचा दवाखाना, बसस्टँडमागे. मिस कॉल=हो
```

(मावशींचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कमलाबाई धरून चाला.) हा बरोबर ७० घरांचा आहे. "बुध" पुढे मी आधी टिंब दिलं होतं, तर ७१ झाले आणि एका टिंबापायी मेसेजचे दोन तुकडे पडले. टिंब काढलं, मेसेज एकसंध झाला, मला मोठं समाधान वाटलं.

आठवड्याभरात ते उतरलं. एका काकाजींनी काउंटरवर येऊन विचारलं, "मिस कॉल कोन देनार, तुमी का आमी?" प्रश्न अगदी रास्त होता. बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ रोज हिशेब लिहिणाऱ्याला कळतो, पण घरात कोणी मेसेज मोठ्याने वाचून दाखवताना त्या चिन्हाचं काय म्हणणार? "मिस कॉल बरोबर हो"? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मेसेज नात नाहीतर शेजारचा पोरगा वाचून दाखवतो, म्हणून मेसेज कानाने ऐकल्यावर कळला पाहिजे. हे मी आता नियम म्हणून पाळते: पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचायचा.

दुसरा बिघाड जास्त आतला होता. मिस कॉल कोणत्या नंबरला, ते मी लिहिलंच नव्हतं, कारण मेसेज दवाखान्याच्याच सिमवरून जात होता, उलट त्याच नंबरला मिस कॉल येणार असं मी गृहीत धरलं. पण कितीतरी पेशंटच्या कागदावर नंबर मुलाचा असतो, आणि मुलगा असतो नागपूरला नाहीतर पुण्याला. तो मेसेज उचलून घरच्या व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो. तिथे वाचणाऱ्याच्या समोर नंबर असतो मुलाचा. मिस कॉल गेला मुलाला, आणि मी इथे पेशंटने काही कळवलं नाही म्हणून तोंड वाकडं करून बसले.

आता जो चालतो तो मेसेज

मग मी सत्तरचा हट्ट सोडला. दोन तुकडे चालतील, पण एका अटीवर: दुसरा तुकडा हरवला तरी पेशंट योग्य दिवशी, योग्य वेळी, योग्य दारात उभा राहिला पाहिजे. म्हणजे नाव, वार, तारीख, वेळ आणि जागा पहिल्या ६७ घरांत. उत्तर कसं द्यायचं ते दुसऱ्या तुकड्यात. तो हरवला तर आपलं एवढंच नुकसान, की उत्तर येत नाही आणि आपल्याला फोन करून विचारावं लागतं. पेशंटची खेप वाया जात नाही.

```
कमलाबाई, बुधवार १२ जून, सकाळी ११. दातांचा दवाखाना, बसस्टँडमागे. येणार असाल तर मिस कॉल द्या: 98XXXXXXXX. जमत नसेल तर फोन करा.
```

"बसस्टँडमागे" नंतरच्या रिकाम्या जागेपर्यंत ६४ घरं होतात. पुढचा भाग ६० घरांचा. एकूण १२४. दोन तुकड्यांत १३४ मावतात, म्हणजे दहा घरं शिल्लक. ही शिल्लक मी मुद्दाम ठेवली आहे. पहिल्यांदा मी "मिस कॉल द्या" च्या आधी "या नंबरला" असंही लिहिलं होतं, वाचायला ते जास्त सोपं वाटत होतं, आणि मेसेज नेमका १३४ ला बसला होता. पण तो कमलाबाईंच्या नावावर बसला होता. नावाची सात घरं. त्याच जागी लक्ष्मीबाई आल्या की दहा घरं होतात, मेसेज १३७ ला जातो आणि तीन तुकडे पडतात. नमुना नेहमी आपल्या यादीतल्या सगळ्यात लांब नावावर मोजायचा. आमच्या यादीतलं सगळ्यात लांब ज्ञानेश्वरराव, तेरा घरं. ते या मेसेजमध्ये बसतं, फक्त "मागे" ची शेवटची मात्रा पुढच्या तुकड्यात जाते. "बसस्टँडमाग" एवढं वाचलं तरी माणूस मागेच जाणार, म्हणून ते चालवून घेते.

आता यातला एकेक शब्द का ठेवला ते सांगते, कारण नमुना उचलताना लोक नेमका तोच भाग बदलतात.

नाव सगळ्यात आधी, कारण फोन एक आणि माणसं पाच. घरातल्या सासूची तारीख बुधवारची आणि सुनेची शनिवारची असं आमच्याकडे नेहमी होतं. नाव नसेल तर मेसेज ज्याने वाचला त्याचाच होतो.

वार आणि तारीख दोन्ही. "उद्या" कधीच नाही, "परवा" तर अजिबात नाही, कारण परवा म्हणजे पुढचाही आणि मागचाही. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर मेसेज कंपनीच्या यंत्रणेत थांबतो आणि फोन चालू झाला की उतरतो, तासाने उतरेल नाहीतर दुसऱ्या सकाळी. वाचायच्या दिवसाप्रमाणे ज्या शब्दाचा अर्थ बदलतो तो शब्द अशा मेसेजमध्ये घालायचाच नाही. वार कशाला, तारीख पुरे, असं मला सुचवलं गेलं होतं. पण आमच्या गावांत लोक दिवस लक्षात ठेवतात तो बाजाराच्या वारावरून. "बुधवारी" म्हटलं की बाजाराच्या आधी का नंतर हे लगेच डोक्यात बसतं. तारीख बघायला भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जावं लागतं. आणि वार-तारखेचा मेळ बसत नसेल तर पेशंटला शंका येते आणि तो फोन करून विचारतो. माझी स्वतःची चूक अशी दोनदा पकडली गेली आहे.

वेळेच्या मागे सकाळी, दुपारी असं लागलंच पाहिजे. नुसतं "५ वाजता" लिहिलं तर पहाटे कोणी येणार नाही हे खरं, पण नुसतं "१२" लिहिलं की घोळ होतो, म्हणून "दुपारी १२". "संध्याकाळी" या शब्दाला दहा घरं लागतात, सकाळीला पाच. तिथे मी "सायं." लिहिते, लग्नपत्रिकेवर आणि कार्यक्रमाच्या पोस्टरवर तसंच छापलेलं असतं म्हणून सगळ्यांना कळतं. साडेअकरा असेल तर "११.३०" पेक्षा "साडेअकरा" लिहावं असं मला वाटतं. घरं जास्त जातात, पण वाचून दाखवणारा पोरगा "अकरा पॉइंट तीस" म्हणतो आणि आजीला ते समजत नाही.

जागा सांगताना मी आधी कॉम्प्लेक्सचं नाव, गाळा नंबर असं लिहायची. गाळा नंबर पाहून कोणी येत नाही. माणूस एसटीतून उतरून ज्या बाजूला वळणार ती खूण द्यायची, एवढंच पुरतं. आमच्या यादीतले लोक एकदा येऊन गेलेले असतात, म्हणून गावाचं नाव मी यात घालत नाही. मात्र गुरुवारी डॉक्टर ज्या दुसऱ्या गावी बसतात, तिथल्या तारखेला "दातांचा दवाखाना" काढून त्या जागी गावाचं नाव आणि तिथली खूण घालते. नाहीतर माणूस सवयीने घाटंजीलाच येतो. पहिल्यांदा येणाऱ्याला मेसेजवर सोडत नाही, फोनच करते.

दातांचा दवाखाना हे शब्द आम्हाला चालतात, दात दुखतो हे लपवण्यासारखं काही नाही. पण स्त्रियांचा दवाखाना असेल, टीबीची किंवा मनाच्या आजाराची तपासणी असेल, तर तिथे नुसतं "दवाखाना" लिहा. तो फोन कोणाच्या हातात आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि खेड्यात वाचलेली गोष्ट दारादारांत पोचायला वेळ लागत नाही.

फोन नंबर मी इंग्रजी आकड्यांत लिहिते, बाकी आकडे मराठीत. घरं दोन्हीला सारखीच लागतात. पण इंग्रजी आकड्यांतला नंबर बहुतेक फोन ओळखतो आणि त्यावर बोट ठेवलं की थेट डायल होतो. नंबरच्या मध्ये रिकामी जागा किंवा रेघ टाकायची नाही.

उत्तर का येत नाही

"कळवावे" या शब्दात कोणाला, कशाने, कधी यातलं काहीच नसतं, म्हणून त्याला उत्तर येत नाही. त्यानंतर मी "हो लिहून पाठवा" करून पाहिलं. तेही फसलं. कीपॅडवर मराठी टाइप करणं बहुतेकांना येत नाही, आणि अनेकांच्या फोनमध्ये मेसेज पाठवण्यापुरतं रिचार्ज नसतं, बोलण्यापुरतं असतं. मिस कॉल मात्र सगळ्यांना येतो. शेतातल्या माणसाला बोलावण्यापासून एसटी आली सांगण्यापर्यंत इथे तो रोजच चालतो, त्याला शिकवावं लागत नाही.

पण मिस कॉल आणि खरा फोन एकाच नंबरवर येणार, तर ओळखायचं कसं? मी केलेली सोय अशी: दोन-तीन रिंग होऊन कट झाला की तो "हो". वाजतच राहिला की उचलायचा, समोरच्याला काही सांगायचं आहे. सुरुवातीला मी सवयीने पहिल्याच रिंगला फोन उचलायची आणि पेशंट गोंधळून "मॅडम, मी तं मिस कॉलच देत होतो" म्हणायचा. आता संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत फोन माझ्या हातापासून जरा लांब, टेबलाच्या टोकाला ठेवते.

न येणारा माणूस स्वतःहून फोन करेल यावर विसंबू नका. नाही म्हणायला लोकांना अवघड वाटतं, डॉक्टरांना तर फारच. म्हणून गप्प राहिलेला पेशंट येणार नाही असं मी धरत नाही आणि येणार असंही धरत नाही. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे जागा रिकामी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करते. आठ मेसेजमागे असे दोन-तीन फोन करावे लागतात. आठही फोन करण्यापेक्षा ते परवडतं.

त्यासाठी वेळ मात्र हाताशी पाहिजे. आधी मी मेसेज आदल्या संध्याकाळी पाठवायची, तेव्हा फोन करायला सवडच उरत नव्हती. आता दोन दिवस आधी, संध्याकाळी सातच्या सुमारास पाठवते. माणसं शेतातून घरी आलेली असतात, फोन चार्जिंगला लागलेला असतो, वाचून दाखवणारं पोरगंही घरात असतं. उशिरा उतरलेल्या मेसेजलाही मधला एक अख्खा दिवस मिळतो.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर

काही फार जुन्या फोनमध्ये मराठी उमटतच नाही, नुसते चौकोन दिसतात. पेशंट ते सांगत नाही, त्याला वाटतं मेसेज खराब आला. पहिल्या भेटीत काउंटरवरच एक मेसेज पाठवून त्याच्या फोनवर पाहून घ्यावा. चौकोन दिसले तर त्या नावापुढे मी रजिस्टरमध्ये "रो" लिहिते, म्हणजे रोमन, आणि त्याला हा पाठवते:

```
Kamalabai, budhvar 12 June, sakali 11. Datancha davakhana, bus stand mage. Yenar tar miss call dya: 98XXXXXXXX. Jamat nasel tar phone kara.
```

हा १३९ खुणांचा आहे आणि १६० च्या आत एकाच तुकड्यात जातो. पण यात एकही मराठी अक्षर, रुपयाचं चिन्ह किंवा हात जोडल्याचं चित्र घातलं की अख्खा मेसेज मराठीच्या मापात मोजला जातो आणि त्याच १३९ चे तीन तुकडे होतात. एका दिवाळीत मी शेवटी पणतीचं चित्र टाकलं होतं, त्या दिवशी हेच झालं.

मग सगळ्यांनाच रोमनमध्ये का पाठवत नाही, असं मला आमच्या डॉक्टरांनीही विचारलं. एकाच तुकड्यात जातं हे खरं. पण मावशींसारखी, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बाई "बुधवार" स्वतः वाचते, आणि रोमनमधल्या बुधवारासाठी तिला दुसऱ्याकडे फोन न्यावा लागतो. स्वतःची तारीख तिला स्वतः वाचता आली पाहिजे. म्हणून फोनमध्ये मराठी दिसत असेल तर मी मराठीतच पाठवते, दोन तुकडे झाले तरी.

मेसेज वाढले आणि कंपनीकडून पाठवायची वेळ आली तर

हे सगळं दिवसाला आठ-दहा मेसेज, एकेक हाताने, आपल्याच पेशंटला पाठवण्यापुरतं आहे. रोजचे १०० एसएमएस मिळणाऱ्या रिचार्जमध्ये दोन तुकड्यांचा मेसेज दोन मोजला जातो, तरी पुरतो. यात जाहिरात कधी घालू नका, "दात साफ करण्यावर सूट" वगैरे. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे मेसेज पाठवणं नियमात बसत नाही, आणि तक्रारी झाल्या की नंबर बंद होऊ शकतो.

संख्या वाढली की एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीमार्फत जावं लागतं. फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तिथे दवाखान्याची नोंदणी होते, पाठवणाऱ्याचं नाव म्हणून सहा अक्षरांचा हेडर मिळतो आणि मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नाव, तारीख, वेळ अशा बदलणाऱ्या जागी नमुन्यात ठरवून दिलेली खूण लिहितात. प्रत्येक अशा जागेत मोजकीच अक्षरं बसतात, तेव्हा नाव आणि तारीख एकाच जागेत ढकलू नका. आणि मुख्य गोष्ट, हेडरवरून आलेल्या मेसेजला उलट उत्तर पाठवता येत नाही. ओळखीच्या एका मेडिकलवाल्याने असे मेसेज सुरू केले आणि शेवटी "या मेसेजला रिप्लाय करा" लिहिलं होतं. पेशंट रिप्लाय करत होते, ते कुठेच पोचत नव्हते. तिथे फोन नंबर मेसेजमध्ये असायलाच हवा.

कमलाबाईंची पुढची तारीख शुक्रवारची होती. बुधवारी सात वाजता मेसेज गेला, साडेसातला मिस कॉल आला, पण तो नंबर आमच्या रजिस्टरमध्ये कुठेच नव्हता. मी उलट फोन केला तर शेजारणीने उचलला. मावशींच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं, म्हणून त्यांनी तिच्या फोनवरून दिला होता. त्या दिवसापासून रजिस्टरमध्ये नावापुढे दोन नंबर लिहायला जागा केली आहे, आणि अनोळखी नंबरचा मिस कॉल सहा ते आठच्या मध्ये आला तर तो पुसायच्या आधी उलट फोन करून विचारते.